मानधन पेन्शनचा हप्ता पावसाळ्यात तुटतो, कारण चूक नोंदणीच्या दिवशीच झालेली असते

मुरबाड तालुक्यात सेवा केंद्र चालवताना माझ्या टेबलावर एकच तक्रार वारंवार येते. माणूस खिशातून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं पेन्शनचं कार्ड काढतो आणि विचारतो, ‘दादा, चार वर्षं झाली, किती पैसे जमले असतील?’ खातं उघडून बघावं तर जमा एकच हप्ता, नोंदणीच्या दिवशी रोख भरलेला. पुढे बँकेतून काही कापलंच गेलेलं नसतं. कधी कापायला गेले तेव्हा खात्यात पैसे नव्हते, कधी खातंच चुकीचं दिलेलं होतं.

हा लेख त्या चुकांपुरता आहे. ठाणे, कळवा, ऐरोलीत नोकरी करणारे पुष्कळ जण गावाकडच्या भावाचा, वहिनीचा, मामाचा फॉर्म सुट्टीच्या दिवशी घाईत भरून देतात. त्यांनी तर तो जरूर वाचावा.

विषय दोन योजनांचा आहे. एक पीएम किसान मानधन, म्हणजे सातबारावर नाव असलेल्या लहान शेतकऱ्यासाठी. दुसरी पीएम श्रमयोगी मानधन, म्हणजे शेतमजूर, वीटभट्टीवाले, नाका कामगार अशांसाठी. दोन्हींत प्रवेशाचं वय १८ ते ४०, हप्ता महिना ५५ ते २०० रुपये, तेवढीच रक्कम केंद्र सरकार घालतं आणि साठीनंतर महिना ३,००० रुपये मिळतात. निधी एलआयसीकडे असतो. सन्मान निधीचे वर्षाचे ६,००० ही वेगळी गोष्ट आहे. नावं सारखी वाटतात म्हणून ‘आम्हाला पीएम किसान येतंय की’ असं म्हणून लोक परत जातात.

टप्पा १ : कोणत्या योजनेत बसता ते आधी ठरवा

सरसकट सगळ्यांना किसान मानधनात घालू नका. त्यासाठी लागवडीयोग्य जमीन २ हेक्टरपर्यंत हवी आणि १ ऑगस्ट २०१९ रोजी जमिनीच्या अभिलेखात नाव असायला हवं. ही तारीख लोकांना माहीतच नसते. वडील २०२० मध्ये गेले, वारस नोंद २०२१ मध्ये झाली, तर आज सातबारावर तुमचं नाव ठळक दिसत असलं तरी या अटीत ते बसत नाही. फेरफाराची तारीख बघा.

दुसरा घोळ सामाईक सातबाराचा. तीन भावांच्या सातबारावर १.८६ हेक्टर दिसतं आणि प्रत्येकाला वाटतं की हे आपलंच. उलट दुसऱ्या गावात आजोळची जमीन असेल तर ती कुणी मोजत नाही. मोजायचा तो तुमच्या नावचा हिस्सा, आणि सगळ्या गटांतला मिळून. सातबारापेक्षा आठ-अ घेऊन बसलात तर गावातलं एकूण धारण क्षेत्र एका कागदावर दिसतं. पोटखराबा वेगळा लिहिलेला असतो, तो लागवडीखालच्या क्षेत्रात धरू नका. bhulekh.mahabhumi.gov.in वर हे सगळं फुकट बघता येतं. बघण्यापुरतं तेवढं पुरतं, तलाठ्याकडे चकरा मारायची गरज नाही.

जमीन नावावर नाही, दुसऱ्याच्या शेतावर लावणी-कापणीला जाता, महिन्याचं उत्पन्न १५,००० किंवा कमी आहे, तर श्रमयोगी मानधन. शेतकऱ्याची बायको मजुरीला जात असेल तर तिचा स्वतंत्र फॉर्म याच योजनेत भरता येतो. एका माणसाला मात्र दोन्ही घेता येत नाहीत.

थांबा, एक प्रश्न न चुकता विचारा: *गेल्या काही वर्षांत गोदामात किंवा कंपनीत कंत्राटदाराकडे काम केलंय का?* आपल्या जिल्ह्यात हा प्रश्न सगळ्यात जास्त अडवतो. भात झाल्यावर पोरं भिवंडीच्या गोदामांत, अंबरनाथच्या किंवा मुरबाडच्या एमआयडीसीत चार महिने हमाली-पॅकिंग करतात. कंत्राटदार पीएफ कापतो, ईएसआयचा नंबर पडतो आणि पोराला पत्ताही नसतो. पीएफ, ईएसआय किंवा सरकारी एनपीएसचा सभासद या योजनांत बसत नाही. फॉर्मवर तुम्ही स्वतः जाहीर करून सही करता, त्यामुळे ‘कोण बघतंय’ म्हणून पुढे जाऊ नका. प्राप्तिकर भरणाऱ्यालाही दार बंद आहे.

टप्पा २ : आधारवरची जन्मतारीख आणि नाव

वाड्या-वस्त्यांवर आधार काढताना जन्माचा दाखला नसला की अंदाजे वर्ष धरून तारीख एक जानेवारी टाकली गेली. अर्ध्या वाडीचा वाढदिवस एकाच दिवशी येतो. गंमत बाजूला ठेवा, पण हप्ता ठरतो तो याच तारखेवरून.

वय १८ असेल तर ५५ रुपये, २९ ला १००, ३५ ला १५०, ४० ला २००. एकदा ठरलेला आकडा साठीपर्यंत तोच राहतो. शाळेच्या दाखल्यावर तीन वर्षांनी लहान असाल तर आधी आधार दुरुस्त करून मगच नोंदणी करा. नोंदणीनंतर तारीख बदललीत तर दोन नोंदी जुळत नाहीत आणि निस्तरायला तुम्हालाच फिरावं लागतं. अपवाद एकच. आधारप्रमाणे चाळिशीच्या काठावर असाल आणि दुरुस्ती अडकली, तर वय निघून जाईल, तेव्हा आहे त्या तारखेवर नोंदणी करा.

नाव आधारवर, पासबुकावर आणि जोडीदाराच्या रकान्यात सारखंच हवं. बायकांच्या बाबतीत माहेरचं नाव बँकेत आणि सासरचं आधारवर, हे नेहमीचं.

टप्पा ३ : योग्य खातं निवडणं

इथे सावकाश जा. माझ्या अनुभवात तुटलेल्या खात्यांपैकी निम्म्याहून अधिक इथेच तुटलेली असतात.

पहिली चूक म्हणजे पीककर्जाच्या खात्याचा नंबर देणं. माणूस ‘माझं खातं सोसायटीमार्फत आहे’ म्हणून किसान क्रेडिट कार्डाचं पासबुक पुढे करतो. ते कर्ज खातं असतं. पेन्शनच्या हप्त्यासाठी बचत खातं लागतं. जनधनचं चालतं.

दुसरी चूक कळायला जास्त कठीण आहे. सरकारी पैसे आज आधारला जोडलेल्या खात्यात पडतात, आणि एका वेळी एकच खातं तसं जोडलेलं असतं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजना आली तेव्हा कित्येक बायकांनी घाईत पोस्टात नवं खातं उघडलं. जोडणी तिकडे गेली. आता जुन्या बँकेचं पासबुक मळलेलं, ओळखीचं, म्हणून मानधनाच्या फॉर्मवर तेच दिलं जातं. पैसे येतात पोस्टाच्या खात्यात आणि हप्ता मागितला जातो जुन्या, कोरड्या खात्यातून. पुरुषांच्या सन्मान निधीचंही असंच होतं.

तपासा: *शेवटची सरकारी रक्कम कोणत्या खात्यात पडली?* पासबुक छापून आणा आणि ती ओळ बोटाने दाखवता आली पाहिजे. आठवणीवर विसंबू नका. शिवाय त्या खात्यातून आपोआप कपात चालते का, ते शाखेत विचारून घ्या.

मोबाइल नंबर तुमचाच द्या. भट्टीवर जाताना सिम बदलतं, शेजाऱ्याचा नंबर दिलेला असतो, मग हप्ता फसल्याचा मेसेज शेजाऱ्याला जातो.

टप्पा ४ : हप्त्याचं अंतर आणि नोंदणीचा महिना

फॉर्म भरणारे बहुतेक जण न विचारता ‘मासिक’ टाकतात. पगारदाराला ते ठीक आहे. ज्याच्या हातात पैसा वर्षातून तीनदा येतो त्याच्या खात्यात जुलै-ऑगस्टमध्ये दीडशे रुपयेही नसतात. किसान मानधनात मासिक, तिमाही, चौमाही आणि सहामाही असे पर्याय आहेत. श्रमयोगीत मासिकशिवाय तिमाही, सहामाही, वार्षिक ठेवता येतो. पुढचे हप्ते नोंदणीच्या तारखेपासून मोजले जातात, म्हणून कोणत्या महिन्यात नोंदणी करता यालाही महत्त्व आहे.

एका जोडप्याचा हिशोब मांडतो. टोकावडे भागातलं घर, असं समजा. नवरा ३५ वर्षांचा. तीन भावांच्या सामाईक सातबारावर त्याच्या वाट्याला ०.६२ हेक्टर भातजमीन, नोंद २०१६ ची. बायको ३१ वर्षांची, जमीन नावावर नाही. दोघं दिवाळीनंतर भिवंडीकडे वीटभट्टीवर जातात. जाताना मालकाकडून उचल घेतात आणि मेच्या सुरुवातीला हिशोब होऊन उरलेली रक्कम हातात पडते. जून ते सप्टेंबर खर्चच खर्च: बियाणं, खत, लावणीची मजुरी, पोरांच्या वह्या. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कापणी, थोडं भात विकलं जातं.

नवऱ्याचा हप्ता १५० रुपये. त्याला सन्मान निधीचे २,००० वर्षातून तीन वेळा येतात, म्हणून त्याने चौमाही निवडावा: ६०० रुपये. फॉर्मवर सन्मान निधीच्या पैशांतून हप्ता वळता करायची संमती देता येते, ती द्यावी. दोन हजारांतले चौदाशे हातात राहतात.

बायकोचा हप्ता ११० रुपये. तिने सहामाही घ्यावा, ६६० रुपये, आणि नोंदणी नोव्हेंबरात करावी. मग तिचे हप्ते नोव्हेंबर आणि मे असे पडतात. एक भात विकल्यावर, दुसरा भट्टीचा हिशोब झाल्यावर. हीच नोंदणी कुणीतरी शिबिर भरवलं म्हणून फेब्रुवारीत केली असती, तर दुसरा हप्ता ऑगस्टात आला असता आणि ऑगस्टात या घरात ६६० रुपये सुटे नसतात. शिबिराचा मंडप बघून नोंदणी करू नका म्हणतो ते यासाठी. माहिती शिबिरात घ्या, फॉर्म आपल्या महिन्यात भरा.

नवऱ्याने तिच्याच दिवशी नोंदणी केली तर त्याचे हप्ते नोव्हेंबर, मार्च, जुलै. जुलैचा धोक्याचा, कारण सन्मान निधीचा तो हप्ता वेळेवर येईलच असं नाही. म्हणून मार्चमध्ये आलेल्या दोन हजारांतले सहाशे काढायचेच नाहीत. लोक पैसे पडल्याच्या दुपारी बँक मित्राकडे अंगठा लावून खातं शून्य करतात. हप्ता त्यानंतर येतो आणि रिकाम्या खात्यावर आदळून परत जातो. वर परतीचं शुल्क बँक लावू शकते, तेही पुढच्या जमा रकमेतून जातं.

भट्टीचे पैसे रोखीत मिळतात. गावी परतताना त्यातले ६६० खात्यात भरल्याशिवाय बाजार करायचा नाही, एवढं एक पथ्य.

टप्पा ५ : परवडतं का, आणि हवं आहे का

नवरा २५ वर्षं भरणार: १५० × १२ × २५ = ४५,००० रुपये. साठीनंतर वर्षाला ३६,००० मिळतात, म्हणजे स्वतःचे घातलेले पैसे पंधरा महिन्यांत परत. बायको २९ वर्षांत ३८,२८० भरेल.

पण ३,००० ही रक्कम महागाईबरोबर वाढत नाही. महागाई दरवर्षी ५ टक्के धरली तर पंचवीस वर्षांनंतरचे ३,००० आजच्या साधारण ८९० रुपयांइतके भरतात. त्यात घर चालणार नाही. मीठ-मिरची, औषधगोळ्या आणि एसटीचं भाडं निघेल. हे आधीच सांगितलं की लोक नाराज होतात, पण साठीला नाराज होण्यापेक्षा बरं.

अटल पेन्शन योजनेशी तुलना हमखास विचारतात. तिथे पस्तिसाव्या वर्षी महिना ३,००० च्या पेन्शनसाठी ५४३ रुपये लागतात, कारण सरकार अर्धा वाटा घालत नाही. बदल्यात नवरा-बायको दोघंही गेल्यावर जमा निधी वारसाला मिळतो. मानधनात तसं नाही. पेन्शनधारक गेला की जोडीदाराला निम्मी, म्हणजे १,५०० रुपये, आणि जोडीदारही गेला की मुलांना काही मिळत नाही, रक्कम निधीत जाते. मुलांसाठी काही मागे ठेवायचं असेल तर ही योजना त्यासाठी नाही. ज्याला महिना ५४३ झेपत नाहीत त्याला माझ्या मते मानधनच बरं. अटलचे तुटलेले हप्तेही मी पुष्कळ पाहिलेत.

टप्पा ६ : केंद्रावरचा दिवस

सोबत आधार, अलीकडे छापलेलं पासबुक, स्वतःचा मोबाइल, जोडीदाराचं आधार आणि वारसदाराचं नाव-जन्मतारीख घ्या. शेतकऱ्याने आठ-अ घ्यावा. पहिला हप्ता रोख लागतो. आपल्या उदाहरणातल्या जोडप्याने त्या दिवशी १,२६० रुपये न्यावेत. नोंदणीचं शुल्क तुम्हाला द्यायचं नाही. हप्त्यापेक्षा वर पैसे मागितले तर कशाचे ते विचारा आणि पावती मागा.

क्रम असा असतो. केंद्रचालक आधार पडताळतो, बँकेचा तपशील भरतो, वयावरून हप्ता आपोआप दिसतो. मग हप्त्याचं अंतर निवडलं जातं. इथे स्क्रीनकडे स्वतः बघा, ‘Monthly’ आधीच निवडलेलं असू शकतं. रोख भरल्यावर नोंदणी आणि कपातीच्या संमतीचा एक फॉर्म छापून येतो. त्यावर तुमची सही किंवा अंगठा होतो, तो स्कॅन करून चढवला जातो, आणि मग पेन्शन खाते क्रमांक असलेलं कार्ड मिळतं.

सही बँकेत आहे तशीच करा. बँकेत अंगठा असेल आणि आता साक्षर वर्गात जाऊन सही शिकलात, तर अभिमानाने इथे सही करू नका. आधी बँकेत नमुना बदला. कागद चुरगळलेला किंवा स्कॅन पुसट असेल तर बँक संमती नाकारते, आणि कार्ड मात्र तुमच्या हातात आलेलं असतं. स्कॅन केलेला कागद मोठा करून दाखवायला सांगा. त्या फॉर्मचा फोटोही मोबाइलमध्ये ठेवा, पुढे भांडायला तोच लागतो.

ठाण्यात बसून maandhan.in वर गावाकडच्यांची नोंदणी करता येते. तरी सहीचा कागद त्यांच्याच हातचा हवा आणि ओटीपी त्यांच्याच फोनवर. भाच्याने स्वतःचा नंबर टाकला आणि पुढे भाचा दुबईला गेला, असंही पाहिलं आहे.

टप्पा ७ : दुसरा हप्ता कापला गेला का

नोंदणी यशस्वी झाली की नाही हे दुसऱ्या हप्त्याला कळतं. पहिला तर रोख भरलेला असतो. म्हणून ठरलेल्या तारखेनंतर आठ-दहा दिवसांनी पासबुक छापून घ्या आणि कपातीची ओळ शोधा. आपल्या जोडप्याने नवऱ्यासाठी मार्चमध्ये आणि बायकोसाठी मे अखेरीस ही तपासणी करायची.

ओळ नाही आणि शिल्लक पुरेशी होती, तर संमती बँकेत पोचलेली नाही किंवा नाकारली गेली आहे. लगेच केंद्रावर जा. महिना गेला की दोन हप्ते साठतात, वर्ष गेलं की माणूस येतच नाही. ओळ आहे पण ‘रिटर्न’ लिहिलंय, तर शिल्लक कमी पडली होती.

टप्पा ८ : हप्ते तुटलेच तर

लोक समजतात की एकदा तुटलं की बुडालं. तसं नाही. थकलेली पूर्ण रक्कम आकारासह एकदम भरून खातं पुन्हा चालू करता येतं. पण कितीही काळ थांबून चालत नाही. नवी नोंदणी करायच्या भानगडीत पडू नका, जुनी असताना ती होत नाही आणि झाली असती तरी वाढलेल्या वयाचा हप्ता लागला असता. आधी केंद्रावर खात्याचा उतारा काढा, किती थकलंय ते बघा आणि ती रक्कम नोव्हेंबरात किंवा मे अखेरीस भरायचं ठरवा. हप्त्याचं अंतर चुकीचं पडलं असेल तर तेही त्याच वेळी बदलता येतं का ते विचारा.

बाहेर पडायचं असेल तर दहा वर्षांच्या आत तुमचा वाटा बचत खात्याच्या व्याजासह परत मिळतो. दहा वर्षांनंतर, पण साठीच्या आधी, निधीने मिळवलेलं व्याज किंवा बचत खात्याचं व्याज, यातलं जे जास्त ते मिळतं. सरकारचा वाटा दोन्ही वेळा तुम्हाला मिळत नाही. साठीआधी माणूस गेला तर जोडीदाराला हप्ते पुढे चालू ठेवता येतात किंवा पैसे व्याजासह काढून घेता येतात. बायकोला हे माहीत नसतं आणि कार्ड नवऱ्याच्या पाकिटात असतं. कार्डाची एक झेरॉक्स रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. लग्नाआधी नोंदणी केली असेल तर लग्नानंतर जोडीदाराचं नाव घालून घ्या.

चाळिशी ओलांडली असेल तर

या दोन्ही योजना आणि अटल पेन्शन तुमच्यासाठी बंद आहेत. एजंट काहीही सांगो, आधारवरचं वय कमी करून घुसण्याचा प्रयत्न करू नका. ६५ वर्षांनंतर, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न २१,००० च्या आत असेल तर श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत महिना १,५०० रुपये मिळतात. त्यात हप्ता भरायचा नसतो. अर्ज तहसील कार्यालयाच्या संजय गांधी शाखेत करायचा. तोवर घरातल्या ज्या माणसाचं वय बसतं, बहुधा बायकोचं किंवा सुनेचं, तिची नोंदणी येत्या नोव्हेंबरात करा. भात झोडून झालं की पासबुक छापून या.